‘17 टक्के’ म्हणजे नेमके किती? : फीवाढीच्या सूचनेविषयी

सप्रेम नमस्कार.

मी अकरावी-बारावी वाणिज्य शाखेच्या मुलांचा अकाउंट्सचा क्लास चालवतो. अकरावीला साधारण 30 आणि बारावीला 32 मुले असतात. फी दरमहा, 10 तारखेपर्यंत. आतापर्यंत अकरावीला 1,200 आणि बारावीला 1,500 रुपये घेत होतो. तीन वर्षांत फी वाढवलेली नाही. जूनपासून अकरावीला 1,400 आणि बारावीला 1,750 करायचे आहे, कारण जागेचे भाडे 18,000 वरून 24,000 होत आहे आणि पेपर तपासायला एक सहायक शिक्षक 8,000 रुपयांवर ठेवत आहे. बारावीची सुट्टीतली बॅच 6 एप्रिलला सुरू झाली. प्रवेशाच्या वेळी ‘सध्या 1,500, जूनमध्ये थोडी वाढेल’ असे तोंडी सांगितले होते. 8 एप्रिलला लेटरहेडवर पुढील सूचना काढून तिचा फोटो ग्रुपवर टाकला :

‘सर्व पालकांना कळविण्यात येते की, सततची वाढती महागाई, विद्यार्थ्यांना पुरविण्यात येणाऱ्या विविध सोयीसुविधा आणि गुणवत्तापूर्ण शिक्षणाप्रती असलेली आमची बांधिलकी लक्षात घेता, नाइलाजास्तव आगामी शैक्षणिक वर्षापासून मासिक शुल्कात सुमारे 17 टक्के इतकी नाममात्र वाढ करण्यात येत आहे. याची सर्वांनी नोंद घ्यावी व पूर्वीप्रमाणेच सहकार्य करावे, ही नम्र विनंती.’

तेव्हापासून फोन थांबलेले नाहीत. एप्रिलच्या फीपोटी तिघांनी 1,755 रुपये पाठवले, दोघांनी 1,404, बाकीच्यांनी 1,500. चौघांनी तर एप्रिल ते जूनची फी 1,500 च्या दराने आधीच भरली आहे. सूचना नम्र भाषेत होती, तरी गोंधळ का झाला? ती नव्याने कशी लिहावी?

– एक क्लासचालक

सप्रेम नमस्कार.

ज्या दोन पालकांनी 1,404 रुपये पाठवले, त्यांच्यापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या सूचनेतला सर्वांत मोठा दोष त्यांनी नकळत दाखवून दिला आहे. त्यांचे गणित अचूक आहे. त्यांचा मुलगा किंवा मुलगी मार्चपर्यंत अकरावीत होती, त्यांनी आजवर भरलेली फी 1,200 रुपये होती, आणि 1,200 वर 17 टक्के वाढ धरली की 1,404 येतात. ज्यांनी 1,755 पाठवले त्यांनी तेच 17 टक्के बारावीच्या 1,500 वर धरले. तुमच्या मनात असलेला 1,750 हा आकडा मात्र सूचनेत कुठेही नव्हता, आणि तो टक्केवारीतून कोणालाही काढता येणार नव्हता, कारण 250 रुपये हे 1,500 चे 16.67 टक्के होतात आणि तुम्ही ते ‘सुमारे 17’ असे सोयीस्कर करून टाकलेत. अकाउंट्स शिकवणाऱ्याच्या हातून हे व्हावे याची मला गंमत वाटली, रागावू नका. टक्केवारी ही वाढवणाऱ्याच्या हिशेबाची भाषा आहे. पैसे भरणाऱ्याला आधी किती होते, आता किती आणि दरमहा किती जास्त, हे तीन आकडे रुपयांत हवे असतात. ते दिल्यावर टक्केवारीची गरजच उरत नाही, म्हणून ती नव्या सूचनेतून पूर्णपणे काढावी.

‘आगामी शैक्षणिक वर्षापासून’ या शब्दांनीही तेवढाच घोळ घातला. तुमच्या दृष्टीने शैक्षणिक वर्ष जूनला सुरू होते. ज्यांचे मूल 6 एप्रिलपासून बारावीच्या बॅचला येऊन बसले आहे, त्यांच्या दृष्टीने ते वर्ष दोन दिवसांपूर्वीच सुरू झालेले होते, म्हणून त्यांनी एप्रिलचीच फी वाढवून पाठवली. यात त्यांची चूक काढता येत नाही. वर्ष, सत्र, नवीन बॅच हे सगळे शब्द प्रत्येकाच्या घरी वेगळ्या तारखेला उगवतात. महिन्याचे नाव आणि सन लिहिले की तो प्रश्न राहत नाही. पण नुसते ‘जून 2026 पासून’ लिहूनही एक फट राहते, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जूनमध्ये भरायची फी वाढली, की जून महिन्याच्या शिकवणीची? तुमच्याकडे फी त्या त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत घेतली जाते, त्यामुळे दोन्ही एकच असे तुम्हाला वाटेल. परंतु मे महिन्याची राहिलेली फी 3 जूनला आणून देणारा एक तरी पालक दरवर्षी असतो, आणि त्याच्याकडून 1,500 घ्यायचे की 1,750, यावर काउंटरपाशी वाद होतो. ‘एप्रिल आणि मे या महिन्यांची फी 1,500 रुपयेच राहील’ असे एक जादा वाक्य लिहिले की उशिरा भरणाऱ्यालाही उत्तर मिळते.

आता एक प्रश्न, ज्याचे उत्तर भाषेत सापडणार नाही. ही सूचना कोणासाठी आहे? तुम्ही ती ‘सर्व पालकांना’ उद्देशून लिहिलीत, पण तुमच्याच पत्रावरून दिसते की फीवाढ खऱ्या अर्थाने फक्त बारावीच्या 32 घरांना लागू होते. अकरावीची नवी मुले दहावीच्या निकालानंतर येतील, आणि त्यांच्यासाठी 1,400 रुपये ही वाढ नाहीच. ती त्यांची पहिली फी आहे. त्यांना फीवाढीचे पत्र दाखवण्याचे काहीच कारण नाही. प्रवेश अर्जावर आणि क्लासच्या माहितीपत्रकावर ‘अकरावी : दरमहा 1,400 रुपये’ एवढे छापावे आणि विषय संपवावा. ‘पूर्वी 1,200 होती’ हे त्यांना सांगून तुम्ही एका न घडलेल्या नुकसानीची आठवण करून देता. तेव्हा नव्या सूचनेत अकरावीचा उल्लेखही नको. एकाच कागदावर दोन इयत्तांचे दर आले की 1,404 सारखे आकडे पुन्हा जन्माला येतात.

उरले बारावीचे 32 पालक, आणि येथे लिहिण्याआधी थोडे थांबून पाहावे लागेल. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग क्लासेसच्या नियमनासाठी राज्यांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या. त्यांत 50 पेक्षा जास्त विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या केंद्रांचा विचार केला आहे, आणि ज्या फीवर एखाद्या अभ्यासक्रमासाठी व ठरावीक मुदतीसाठी प्रवेश दिला, ती फी तो अभ्यासक्रम चालू असताना वाढवू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. तुमची मुले 62 आहेत. तुमची फी महिन्याच्या हिशेबाने आहे आणि जूनमध्ये वाढ होईल हे प्रवेशाच्या वेळी सांगितले होते, म्हणून तुमची बाजू अगदीच लंगडी नाही. पण ‘थोडी वाढेल’ हे शब्द तोंडी होते आणि त्यांत रक्कम नव्हती, हेही खरे. म्हणून सूचना पाठवण्यापूर्वी प्रत्येक मुलाचा अर्ज आणि पावती काढून पाहा. ज्याच्या कागदावर परीक्षेपर्यंतची किंवा पूर्ण वर्षाची रक्कम लिहून दिलेली आहे, किंवा ज्याच्याशी वाढीबद्दल बोलणेच झाले नव्हते, त्याची फी 1,500 च ठेवावी आणि तसे त्या पालकांना वेगळे कळवावे. अशी दोन-तीन घरे निघाली तर महिन्याला पाच-सातशे रुपये कमी येतील. जर असे दिसले की बहुतेकांच्या बाबतीत हीच स्थिती आहे, तर मात्र कितीही चांगली सूचना लिहिली तरी ती टिकणार नाही. तेव्हा बारावीची वाढ पुढच्या बॅचपासून करावी आणि या वर्षीची 8,000 रुपयांची तूट कशी भरायची, याचा वेगळा विचार करावा. मी पुढे जे लिहितो आहे, ते कागद पाहिल्यावर जूनची वाढ योग्य ठरली असे धरून.

ज्या चौघांनी जूनपर्यंतची फी भरून टाकली आहे, त्यांच्याकडे जूनचे 250 रुपये मागू नका. पावती दिली म्हणजे तो महिना मिटला. चौघांचे मिळून 1,000 रुपये सोडावे लागतील, पण ‘भरलेल्या पैशांवर पुन्हा मागितले’ हे वाक्य त्या चार घरांतून बाहेर पडले तर ते याहून महाग पडेल. हा अपवाद सूचनेतच लिहावा, म्हणजे तो सर्वांना सारखा लागू आहे हे दिसते आणि कोणाला गुपचूप सवलत दिली असा संशय राहत नाही.

कारणाकडे येतो. तुमच्या सूचनेतले ‘सततची वाढती महागाई’ हे शब्द वाचून प्रत्येक पालकाच्या मनात पहिला विचार येतो तो असा की महागाई आमच्याही घरी आहे. त्या कारणाने फी वाढू शकते, तशी ती कमीही करावी असे कोणी म्हणू शकतो. ते कारण खास तुमच्या क्लासचे राहिलेले नसते. ‘विविध सोयीसुविधा’ वाचल्यावर मुले घरी सांगतात की पंखा तोच आहे आणि बाकही तेच आहेत. वाईट याचे वाटते की तुमच्याकडे दोन चोख कारणे होती आणि ती तुम्ही माझ्या पत्रात लिहिलीत, पालकांच्या पत्रात नाही. ही कारणे वाढीला पुरतात का, तेही मी पडताळून पाहिले. भाड्याचे 6,000 आणि सहायक शिक्षकांचे 8,000 मिळून महिन्याला 14,000 रुपयांचा खर्च वाढतो. बारावीच्या 32 मुलांचे प्रत्येकी 250 म्हणजे 8,000, आणि अकरावीच्या 30 मुलांचे प्रत्येकी 200 म्हणजे 6,000, एकूण 14,000. हिशेब रुपयाला रुपया जुळतो. यावरून एक गोष्ट ठरते : दोन्ही कारणे लिहावी लागतील. नुसते भाडे लिहिलेत आणि एखाद्या पालकाने दोन्ही इयत्तांची वाढीव रक्कम मुलांच्या संख्येने गुणली, तर त्याला 8,000 रुपये जास्त दिसतील, आणि मग खरे कारणही खोटे वाटू लागेल.

तरीसुद्धा भाड्याचा आणि पगाराचा आकडा सूचनेत लिहू नये, असे माझे मत आहे. आकडा लिहिला की चर्चा फीवरून तुमच्या खर्चावर जाते, आणि 24,000 ची जागा घ्यायलाच हवी होती का, असे सल्ले सुरू होतात. समोर येऊन कोणी विचारले तर वही उघडून दाखवावी; लेखी मात्र काय बदलले आणि कधीपासून, एवढेच असावे. दुसरी काळजी सहायक शिक्षकांबाबत घ्यावी. कारण म्हणून लिहिलेली गोष्ट पालकांच्या लेखी आश्वासन होते. जुलै उजाडला आणि पेपर अजून तुम्हीच रात्री जागून तपासत असाल, तर कोणी तरी ही सूचना शोधून काढेल. त्या शिक्षकांचे जूनपासून येणे पक्के झाले नसेल, तर पक्के होईपर्यंत सूचना थांबवावी. वाक्य सैल करून वेळ मारून नेऊ नये.

काही शब्दांविषयी थोडक्यात. ‘नाममात्र’ हे विशेषण भरणाऱ्याने लावायचे असते, घेणाऱ्याने नाही. दोन मुले शिकत असलेल्या घराला 250 रुपये नाममात्र नसतात. ‘नाइलाजास्तव’ आणि ‘बांधिलकी’ काढल्याने काहीही कमी होत नाही, हे स्वतः वाचून पाहा. ‘वाढ करण्यात येत आहे’ या कर्मणी रचनेत वाढ कोण करतो हेच लपते, आणि क्लास एकट्याचा असताना असे लपणे शोभत नाही. सरकारी परिपत्रकात ते चालून जाते, कारण तेथे खरोखरच कोणाला विचारायचे ते माहीत नसते. ‘शुल्क’ ऐवजी ‘फी’ लिहावे, कारण पालक, मुले आणि तुमची पावती, सगळे तोच शब्द वापरतात. ‘सहकार्य करावे’ याचा अर्थ पैसे भरावेत असा असेल, तर किती आणि कोणत्या तारखेपर्यंत ते लिहावे. आपण नम्रता जिला म्हणतो ती बऱ्याचदा अवघड आकडा मागे ढकलण्याची युक्ती असते. तुमच्या सूचनेत फीचा विषय येण्यापूर्वी पंचवीस शब्द खर्च झाले आहेत, आणि मोबाइलवर संदेश उघडण्याआधी जी पहिली ओळ दिसते, तिच्यात पालकाला फक्त महागाई दिसली असणार. त्यातून तो लेटरहेडचा फोटो होता, म्हणजे तीही दिसली नसेल.

म्हणून नवी सूचना मजकूर टाइप करून बारावीच्या ग्रुपवर पाठवावी आणि तोच मजकूर छापून दारावर लावावा. मी ती अशी लिहीन :

‘बारावी अकाउंट्स : जून 2026 पासून फी दरमहा 1,750 रुपये

सप्रेम नमस्कार.

बारावीच्या बॅचची फी सध्या दरमहा 1,500 रुपये आहे. जून 2026 पासून ती दरमहा 1,750 रुपये होईल, म्हणजे दर महिन्याला 250 रुपये वाढतील. एप्रिल आणि मे 2026 या महिन्यांची फी 1,500 रुपयेच राहील, मग ती कधीही भरली तरी. नव्या दराची पहिली फी, म्हणजे जूनची, 10 जूनपर्यंत भरावी.

फी वाढवण्याची कारणे दोन आहेत. क्लासच्या जागेचे भाडे 1 जूनपासून वाढत आहे, आणि चाचण्यांचे पेपर वेळेवर तपासून मिळावेत यासाठी जूनपासून एक सहायक शिक्षक रुजू होत आहेत. यापूर्वीची तीन वर्षे फी वाढवलेली नाही. आता ठरवलेली फी या बॅचच्या बोर्डाच्या परीक्षेपर्यंत बदलणार नाही.

ज्यांनी जूनची फी आधीच 1,500 रुपयांप्रमाणे भरली आहे, त्यांनी जूनसाठी आणखी काही भरायचे नाही. त्यांना नवी फी जुलैपासून लागू होईल.

8 एप्रिलची सूचना रद्द समजावी. त्या सूचनेमुळे एप्रिलची फी कमी-जास्त भरली गेली असल्यास मी त्या पालकांना स्वतंत्रपणे कळवत आहे. फीबाबत काही बोलायचे असल्यास शनिवारी सायंकाळी 6 ते 7 या वेळेत क्लासमध्ये मला भेटावे.’

खाली तुमचे नाव आणि सूचनेची तारीख असावी. ‘संचालक’ एवढेच नको. बोर्डाच्या परीक्षेपर्यंत फी न बदलण्याचे वाक्य तुम्हाला पाळता येणार नसेल तर काढून टाका, पण पाळता येत असेल तर ठेवाच, कारण एकदा वाढ झाल्यावर दिवाळीनंतर पुन्हा होईल का, ही शंका बहुतेकांच्या मनात असते आणि ती कोणी विचारत नाही. शनिवारची वेळ मी मुद्दाम घातली आहे. ज्या घराला ही वाढ खरोखर जड जाते, त्यांना ग्रुपवर लिहावे लागू नये, आणि ‘सवलतीचा विचार केला जाईल’ असे सर्वांना सांगून तुम्ही 32 अर्ज ओढवून घेऊ नयेत, असा त्यामागे हेतू आहे.

कोणी जीएसटी वेगळा पडणार का, असे विचारील. कोचिंगवर 18 टक्के जीएसटी आहे, पण सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाख रुपयांच्या उलाढालीची आहे. नव्या दराने पूर्ण बारा महिने धरले तरी तुमची जमा 11,76,000 रुपये होते. क्लासखेरीज तुमचा दुसरा व्यवसाय नसेल आणि तुम्ही नोंदणी केलेली नसेल, तर तो कर तुम्ही घेऊच शकत नाही, त्यामुळे 1,750 हीच पूर्ण रक्कम. हे विचारल्यावर सांगावे. सूचनेत घालून ती लांबवू नये.

राहिले ते पाच पालक. त्यांना सूचनेआधी वैयक्तिक संदेश जाऊ द्या. ज्या तिघांनी 1,755 भरले, त्यांचे 255 रुपये तुमच्याकडे जास्त आले आहेत. मेमध्ये त्यांनी 1,245 रुपये भरावेत, आणि परत हवे असतील तर लगेच परत करावेत. ज्या दोघांनी 1,404 भरले, त्यांचे 96 रुपये कमी आहेत. ते मेच्या फीबरोबर मिळून 1,596 होतील. या संदेशात ‘तुमच्याकडून चुकून’ असे लिहू नका. ‘माझ्या सूचनेत रक्कम स्पष्ट नव्हती’ असे लिहा, कारण तसेच घडले आहे.

पाठवण्यापूर्वी मजकूर क्लासशी संबंध नसलेल्या एखाद्या शेजाऱ्याला एकदाच वाचायला द्या आणि कागद परत घेऊन विचारा की मेची फी किती, जूनची किती आणि ती का वाढली. तिसऱ्या प्रश्नाला तो अडखळला तर कारणाचा परिच्छेद पुन्हा पाहा. पहिल्या दोहोंपैकी एकालाही अडखळला, तर तो कागद अजून दारावर लावू नका.